पालकसभेनंतर आलेले प्रश्न : डबा, गोड, मोबाइल आणि मुलांचं वजन

पालकसभेत मी मुलांच्या वाढत्या वजनावर बोलले. तेव्हापासून वर्गांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, डायरीत आणि सुटीच्या वेळी गेटपाशी तेच तेच प्रश्न येत आहेत. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा ते एका जागी मांडले आहेत. प्रश्न शक्यतो पालकांच्याच शब्दांत ठेवलेत. मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे औषधपाण्याचं इथे काही नाही. तो भाग शेवटच्या प्रश्नात डॉक्टरांकडे सोपवला आहे.

1. मॅडम, मला सभेला येता आलं नाही. नेमकं काय सांगितलंत?

मुद्दा एकच होता. आपण सगळे डब्यात काय द्यायचं याची काळजी करतो, पण वजन वाढतं ते डबा घरी परत आल्यावर. दुपारी दोन ते रात्री नऊ हा तो काळ. मूल अर्धा डबा तसाच घेऊन भुकेलं घरी येतं, नमकीनची बरणी आणि मोबाइल एकदमच हातात घेतं, आणि रात्रीचं जेवणही स्क्रीनपुढेच होतं. म्हणून तीन गोष्टी मागितल्या. डबा पूर्ण संपेल असा द्या, घरी आल्यावर ताट वाढून जेवायला बसवा, आणि तोंडात घास असताना कोणतीही स्क्रीन चालू नको. गोड बंद करा असं मी म्हटलेलं नाही. तसा निरोप कुणीतरी ग्रुपवर फिरवला आहे, तो खरा नाही.

2. आमचा मुलगा जाड आहे की नुसता अंगाने भरलेला, हे घरच्या घरी कसं कळेल?

नजरेने कळत नाही. घरच्यांच्या नजरेने तर नाहीच. उंची आणि वजन दोन्ही मोजावं लागतं.

उंचीसाठी मुलाला अनवाणी भिंतीला टेकून उभं करा. टाचा भिंतीला, नजर समोर. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं ठेवा, त्याची एक कड भिंतीला चिकटलेली हवी. पेन्सिलीने खूण करून टेपने मोजा. वजन सकाळी, हलक्या कपड्यांत आणि दर वेळी त्याच काट्यावर घ्या. मग किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. येतो तो बीएमआय.

मोठ्या माणसांचे आकडे मुलांना लावू नका, इथेच बहुतेकांची गफलत होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा बीएमआय 19 आला तर मोबाइलवरचं मोठ्यांचं ॲप 'नॉर्मल' म्हणेल. मुलांसाठी वयानुसार आणि मुलगा-मुलगी असे वेगळे तक्ते असतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे, म्हणजे आयएपीचे, 2015 चे तक्ते 5 ते 18 वयासाठी आहेत. त्यांत अतिवजनाची एक आणि लठ्ठपणाची एक अशा दोन रेषा आखलेल्या असतात. तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे ते असतातच.

एक उदाहरण घेऊ. ते बऱ्याच मुलांच्या गोष्टी एकत्र करून बेतलेलं आहे, कुणी आपलं मूल त्यात शोधू नये. चौथीतला साडेनऊ वर्षांचा मुलगा, उंची 134 सेंटिमीटर, वजन 34 किलो. 1.34 चा वर्ग साधारण 1.8, म्हणून बीएमआय जवळपास 19. तो अतिवजनाच्या रेषेच्या वर आणि लठ्ठपणाच्या रेषेच्या खाली येतो. हाच मुलगा पुढच्या उत्तरांत पुन्हा भेटेल.

3. मग त्याला डाएटवर ठेवायचं का? रात्रीचं जेवण बंद केलं तर?

नाही. वाढत्या मुलाचं वजन उतरवायचं नसतं, बहुतेक वेळा वजनाची वाढ फक्त मंद करायची असते. उंची आपलं काम करते.

वरच्या मुलाचंच पाहा. या वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर उंची वाढते. पुढच्या वर्षी तो 139 ते 140 सेंटिमीटर झाला आणि वजन 34 वरून 36 झालं, तर बीएमआय साडेअठराच्या आसपास येईल. साडेदहा वर्षांच्या मुलासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात तो अतिवजनाच्या रेषेखाली बसतो. म्हणजे वर्षात दोन किलो वाढूनही तो सुधारला. पण त्याच वर्षात वजन 40 झालं, तर तो लठ्ठपणाच्या रेषेकडे सरकला.

रात्रीचं जेवण बंद केलेलं मूल दहा वाजता फ्रिज उघडतं. त्या वेळी फ्रिजमध्ये वरण-भात नसतो, आइस्क्रीम असतं.

वजन महिन्यातून एकदा आणि उंची तीन महिन्यांतून एकदा बघा, पुरे. रोज काट्यावर उभं करू नका. पाणी प्यायल्यानेही काटा हलतो, आणि मुलाच्या मनात भलतंच घर करतो.

4. डब्यात काय द्यायचं? तुम्ही यादी का देत नाही?

यादी मी मुद्दाम देत नाही. याद्या फ्रिजवर चिकटवल्या जातात आणि डबा मात्र तसाच परत येतो. त्यापेक्षा आठवडाभर परत आलेला डबा उघडून बघा. मधल्या सुटीनंतर वर्गांत फिरताना मला जे दिसतं ते सांगते.

सुटी वीस मिनिटांची. त्यातली पाच हात धुण्यात आणि रांगेत जातात. सकाळी साडेसहाला भरलेली पोळी साडेदहाला कडक झालेली असते. सहा वर्षांच्या मुलाला ती तुकडे करून, भाजीत बुडवून, सांडू न देता खायची असते, आणि बाहेर मैदान खुणावत असतं. मूल दोन घास खातं, झाकण लावतं आणि पळतं. भाजी नावडती असते असं नाही. वेळ पुरत नाही.

म्हणून पोळीला गरम असतानाच थोडं तूप लावून, आत कोरडी भाजी किंवा उसळ भरून तिची सुरळी करा आणि मधोमध कापा. हातात धरून खाता येते, चमचा लागत नाही. थालीपीठ, मुगाचं धिरडं, दशमी, इडलीही अशाच संपतात. डबा पोळीच्या वाफेने ओला होऊ नये म्हणून ती जरा निवली की मगच झाकण लावा. वांग्याच्या रश्शासारखं काही असेल तर ते घरच्या ताटात वाढा. डब्यात ते सांडतं आणि मुलाला त्याची लाज वाटते.

डबा लहान ठेवा. तीन कप्प्यांचा डबा पाहून मूल आधीच हरतं. तिसऱ्या कप्प्यात बिस्किटं किंवा चिप्स असतील तर सुरुवात तिथूनच होते आणि वेळही तिथेच संपतो. तोंडी लावायला हवंच असेल तर चण्याफुटाण्यांचा किंवा फळाच्या फोडींचा कप्पा असू द्या. मात्र सफरचंद चिरून दिलं तर काळं पडतं आणि मुलं खात नाहीत. पेरू, केळं, संत्र्याच्या फोडी चालतात.

दुपारी घरी डबा उघडल्यावर 'का नाही संपवलास' असं विचारू नका. 'आज काय खायला वेळ लागला' असं विचारा, उत्तर लगेच मिळतं.

5. घरी आला की पहिल्यांदा शेवेची बरणी. इंदूरमध्ये राहून शेव बंद करायची का?

इंदूरमध्ये शेव बंद करा म्हणणारी प्राचार्या दुसऱ्या दिवशी शाळेत टिकणार नाही. माझ्या घरीही लवंगी शेवेची बरणी असते.

प्रश्न बरणीतून खाण्याचा आहे. 100 ग्रॅम शेवेत साधारण 550 कॅलरी असतात, कारण ती बेसन आणि तेल एवढीच असते. वरच्या उदाहरणातला मुलगा दोन वाजता येतो, बरणी मांडीवर घेतो, व्हिडिओ लावतो. मूठ-मूठ करत पाऊण तासात 75 ग्रॅम सहज जातात, म्हणजे 400 च्या वर कॅलरी. फुलक्यांत मोजलं तर चार-पाच फुलके झाले. पण चार फुलके खाल्ल्यावर पोट भरतं आणि मूल उठतं. शेवेने भरत नाही, उलट तहान लागते, मग कोल्ड्रिंक किंवा सरबत येतं. तासाभराने आई ताट वाढते तेव्हा 'भूक नाही'. संध्याकाळी सातला पुन्हा भूक, पुन्हा बरणी.

घरच्या वजनकाट्यावर एकदा तुमच्या नेहमीच्या वाटीतली शेव तोलून बघा. बहुतेक पालक तिथेच चमकतात.

उपाय साधा आहे. दोन वाजता आधी ताट वाढा. वरण-भात, भाजी, पोळी, काकडी, जे असेल ते. शेव त्या ताटात, वरून चिमूटभर पेरायला. आपल्याकडे पोह्यांवर जीरावन आणि शेव घालतात ना, तसं. शेव म्हणजे वरून घालायची गोष्ट, जेवण नाही. बरणी वरच्या फळीवर जाऊ द्या. लपवू मात्र नका, लपवलेली बरणी मुलं शोधतातच. दोघंही नोकरीवर असतील आणि मूल एकटं घरी येत असेल, तर ताट झाकून ओट्यावर ठेवा. डोळ्यांसमोर जे असतं तेच खाल्लं जातं.

6. मोबाइलने वजन कसं वाढेल? मोबाइल काही खात नाही.

हा प्रश्न एका बाबांनी सभेतच विचारला आणि सगळे हसले, पण प्रश्न रास्त आहे. आपल्याला वाटतं मूल बसून राहतं म्हणून जाड होतं. तेवढंच कारण असतं तर संध्याकाळी खेळायला पाठवलं की काम झालं असतं.

1999 साली अमेरिकेत थॉमस रॉबिन्सन यांनी कॅलिफोर्नियातल्या दोन शाळांत तिसरी-चौथीच्या मुलांवर एक प्रयोग केला. एका शाळेत मुलांना सहा महिने टीव्ही, व्हिडिओ आणि व्हिडिओ गेम कमी करायला शिकवलं, दुसरीत नाही. आहाराचे धडे दिले नाहीत, व्यायामही वाढवला नाही. पहिल्या शाळेतल्या मुलांचा बीएमआय दुसरीपेक्षा कमी वाढला. गंमत अशी की त्यांच्या हालचालीत म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. टीव्हीपुढे बसून होणारी जेवणं मात्र कमी झाली होती.

त्या वेळी मुलांच्या हातात मोबाइल नव्हते, पण वाट तीच आहे. डोळे स्क्रीनवर असले की पोट भरल्याचं लक्षात येत नाही. त्यात दर थोड्या वेळाने चॉकलेटची नाहीतर चिप्सची जाहिरात. तिसरी वाट झोपेची. 6 ते 12 वयाच्या मुलांना 9 ते 12 तास झोप लागते. सकाळी सहाला उठणारं मूल अकराला झोपलं तर सातच तास झाले. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, आणि ती गोड-तळलेल्याची.

खेळ हवाच. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयासाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटं दमछाक होईल अशी हालचाल सांगते. पण खेळून आल्यावर बरणी मांडीवर घेतली तर तास वाया गेला.

7. दिवसाला किती वेळ स्क्रीन चालेल? शाळेचा गृहपाठ त्यात धरायचा का?

आयएपीच्या सूचनांप्रमाणे दोन वर्षांच्या आत अजिबात नको, 2 ते 5 वयात जास्तीत जास्त एक तास, 5 ते 10 वयात दोन तासांच्या आत, जितका कमी तितका बरा. शाळेने ग्रुपवर पाठवलेल्या गृहपाठाचा वेळ मी यात धरत नाही, पण तो कमी करणं ही आमची जबाबदारी आहे. प्राथमिक वर्गांचा गृहपाठ वहीतच द्यावा असं शिक्षकांना सांगितलं आहे. मिनिटं मोजण्याइतका धीर नसेल तर दोनच नियम पाळा : खाताना नाही, आणि झोपण्याआधीचा एक तास नाही.

8. मोबाइल लावला नाही तर तो एक घासही घेत नाही. उपाशी राहू द्यायचं का?

एखादं जेवण अर्धवट राहिलं तर निरोगी मुलाला काही होत नाही. पण एकदम सगळं बंद केलं तर घरात रडारड होते आणि तिसऱ्या दिवशी आजोबा मोबाइल काढून देतात. म्हणून एकाच जेवणापासून सुरुवात करा. दुपारचं घ्या, तेव्हा भूक खरी असते.

पहिले काही दिवस मूल कमी खाईल. त्या वेळी मागे घास घेऊन फिरू नका आणि तासाभराने बिस्किटंही देऊ नका. पुढचं खाणं ठरलेल्या वेळी. ताटाशी कुणीतरी मोठं माणूस सोबत जेवायला बसलेलं असलं पाहिजे, आणि त्याचाही फोन दुसऱ्या खोलीत. बाबांचा फोन ताटाशेजारी असेल तर हे जमणार नाही, उगाच प्रयत्न करू नका. दुपार स्थिरावली की रात्रीचं जेवण घ्या.

मूल पाच वर्षांच्या आतलं असेल, वजन वाढत नसेल, किंवा घशात अडकतं, ओकारी येते अशी तक्रार असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. तिथे मोबाइल हे कारण नसेल.

9. रोज किती गोड चालेल? गूळ दिला तर?

वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या 10 टक्क्यांच्या आत असावी, 5 टक्क्यांच्या आत असेल तर आणखी चांगलं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 1700 कॅलरी लागतात. म्हणजे वरची मर्यादा 42 ग्रॅम, सपाट आठ चमचे. निम्मी म्हणजे चार चमचे. गूळ, मध आणि खडीसाखर यांतच मोजायची. दुधातली आणि अख्ख्या फळातली साखर यात येत नाही.

जलेबी-गुलाबजाम सगळ्यांच्या लक्षात येतात, पण ते रोज नसतात. रोज असतात ते दुधातले दोन चमचे, चवीची पावडर आणि आंब्याच्या पेयाचा छोटा खोका. 200 मिलीच्या अशा खोक्यात 25 ग्रॅमच्या आसपास साखर असते. मागच्या बाजूला '100 मिलीमध्ये साखर' असा आकडा छापलेला असतो, त्याची दुप्पट करा आणि पाचने भागा, चमचे कळतात. सीबीएसईने 2025 मध्ये शाळांना कशात किती साखर आहे ते दाखवणारे 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं ते यासाठीच. आपला बोर्ड जिन्यापाशी आहे. मुलं त्याच्यापुढे उभी राहून खोक्यांवरचे आकडे वाचतात आणि मग घरी जाऊन पालकांची परीक्षा घेतात, अशा तक्रारी आल्या आहेत. त्या तक्रारींवर मी काहीही करणार नाही.

10. रविवारचे पोहे-जलेबी, सराफा, गणपतीचे मोदक, दिवाळीचा फराळ. यांचं काय?

खा. वर्षातले सण वजन वाढवत नाहीत, सण संपल्यावर पंधरा दिवस उघडा राहिलेला फराळाचा डबा वाढवतो. फराळ ताटलीत वाढून, जेवणाच्या वेळेला.

सराफ्याबद्दल वेगळं सांगायचं आहे. सराफांची दुकानं बंद झाल्यावर तो बाजार भरतो, म्हणजे मूल घरी येऊन झोपेपर्यंत बारा वाजतात. भुट्टे का कीस आणि गराडूपेक्षा मला त्या झोपेची जास्त चिंता वाटते. शनिवारी जा. आणि आपल्याकडची शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नव्हे, दुधाची मिठाईच ती. बाहेरगावाहून बदली होऊन आलेले पालक ती 'हलकं काहीतरी' म्हणून मुलांना देतात. एक ग्लास दोघा भावंडांत पुष्कळ होतो.

11. आजी ऐकत नाहीत. 'माझा नातू वाळलाय' म्हणून लाडू देतात.

आजीला कॅलरी सांगू नका. लाडू देण्याचं काम त्यांच्याकडेच ठेवा, वेळ तेवढी ठरवा : चारला, एक, हातात, मोबाइलशिवाय, आजीजवळ बसून. लाडवापेक्षा चोरून दिलेल्या लाडवाचा त्रास जास्त होतो, कारण तो मोजला जात नाही. खरं सांगायचं तर स्क्रीनचा नियम पाळण्यात आजी-आजोबाच आई-बाबांपेक्षा बरे निघतात.

12. वाढदिवसाला वर्गात काय वाटायचं? आणि गेटबाहेरच्या ठेल्यांचं काय?

केक आणि चॉकलेट नकोत. पेन्सिली, एखादं गोष्टीचं पुस्तक वर्गाच्या कपाटासाठी, किंवा तीळ-शेंगदाण्याची चिक्की चालेल. ज्या वर्गात शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल आहे तिथे चिक्की नाही, वर्गशिक्षिका सांगतील.

देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, 2020 च्या नियमांप्रमाणे शाळेच्या आवारात आणि गेटपासून 50 मीटरच्या आत जास्त चरबी, साखर किंवा मीठ असलेले पदार्थ मुलांना विकता येत नाहीत. ठेलेवाल्यांशी आम्ही बोललो आहोत. पण सुटीच्या वेळी ठेल्यापाशी सर्वांत आधी उभे दिसतात ते न्यायला आलेले पालकच.

13. मुलगी दहा वर्षांची आहे, वर्षभरात एकदम भरली. हे वयाचं आहे का?

असू शकतं. वयात येण्याच्या सुमारास मुलींचं वजन वाढणं साहजिक आहे. म्हणून नुसतं वजन पाहून जेवण तोडू नका. उंचीही वाढते आहे ना ते प्रश्न 2 मधल्या पद्धतीने मोजा. या वयात 'कमी खा' असं ऐकलेल्या मुली डबा न उघडताच परत नेतात, हे मी पाहते. आठ वर्षांच्या आत वयात येण्याची चिन्हं दिसली तर मात्र डॉक्टरांना लगेच दाखवा.

14. आमचा बारीक आहे. हे सगळं त्याला लागू नाही ना?

खाण्याचं सगळं लागू आहे. बारीक मुलाला 'काहीतरी पोटात जाऊ दे' म्हणून बिस्किटं आणि मोबाइल सर्वांत जास्त मिळतो, आणि त्यानेच त्याची जेवणाची भूक मरते. प्रश्न 4 आणि 8 वाचा.

15. वर्गात त्याला 'मोटू' म्हणतात. शाळा काय करते?

नाव कळवा, मी स्वतः बोलते. वजन-उंची आम्ही एकेका मुलाची वेगळ्या खोलीत घेतो, आकडा मोठ्याने वाचत नाही आणि वहीत फक्त पालकांसाठी लिहितो. घरीही भावंडांनी किंवा काकांनी लाडाने 'गोलू' म्हणणं थांबवा. मूल हसतं, पण पीटीच्या तासाला पोट दुखतं म्हणून बसून राहतं ते यामुळेच.

16. डॉक्टरांकडे कधी न्यायचं?

बीएमआय लठ्ठपणाच्या रेषेवर गेला तर. मानेवर किंवा काखेत मखमलीसारखा काळसर पट्टा दिसला तर. तो मळ नसतो, घासून जात नाही, आणि शरीरात इन्सुलिनचं काम बिघडत असल्याची ती खूण असू शकते. मूल झोपेत घोरत असेल आणि दिवसा पेंगत असेल तर. वजन वाढतंय पण उंची थांबली असेल तर. नुसत्या जास्त खाण्याने जाड झालेली मुलं बहुधा वयाच्या मानाने उंच असतात. बुटकं राहून जाड होत असेल तर थायरॉइडसारखं कारण तपासावं लागतं. दमा किंवा किडनीच्या आजारासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तरी वजन वाढतं, पण त्या मनाने बंद करायच्या नाहीत.

जाताना मागच्या दोन-तीन वर्षांच्या उंची-वजनाच्या नोंदी बरोबर न्या, एका दिवसाच्या आकड्यावरून डॉक्टरांना फारसं कळत नाही. तुमच्याकडे नसतील तर शाळेच्या आरोग्य तपासणीतल्या आहेत. ऑफिसमध्ये अर्ज दिला की दुसऱ्या दिवशी नक्कल मिळेल, बंद पाकिटात आणि फक्त पालकांच्या हातात.